पासवर्ड-सबलता तपासणी आणि दोष-अहवाल

पासवर्ड-सबलता तपासणी म्हणजे सदस्याने सुचवलेला नवा पासवर्ड (परवलीचा शब्द) स्वीकारण्यापूर्वी तो ठरावीक नियमांना उतरतो की नाही हे पाहण्याची प्रक्रिया होय. जे नियम पाळले गेले नाहीत त्यांची यादी सदस्याला कळवणे हा या प्रक्रियेचा दुसरा भाग असून त्यास दोष-अहवाल म्हणता येईल. नियम कोणता मोडला हे अहवालातून स्पष्ट व्हावे, परंतु खुद्द पासवर्ड अथवा त्याचा एखादा तुकडा त्यात कोठेही उमटू नये, ही या अहवालाची मुख्य अट असते. पडद्यावरील संदेश, सर्व्हरचे लॉग, त्रुटीच्या सूचना आणि विकासकाला जाणारे ईमेल या सर्वांना ही अट सारखीच लागू होते.

## नाकारलेला पासवर्डही गुपितच

नाकारलेला पासवर्ड वापरात येणारच नसल्याने तो उघड झाला तरी बिघडत नाही, असा समज आढळतो. तो दोन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण असे की, नाकारलेला आणि पुढे स्वीकारला गेलेला पासवर्ड यांत बहुधा फार थोडे अंतर असते. ‘एक चिन्ह हवे’ असा संदेश दिसल्यावर सदस्य नवा पासवर्ड क्वचितच रचतो. आधीच्याच पासवर्डाच्या शेवटी `@` किंवा `#` जोडून तो पुन्हा पाठवतो. त्यामुळे नाकारलेला पासवर्ड ज्याच्या हाती पडला त्याला स्वीकारलेला पासवर्ड चार-दोन प्रयत्नांत सापडू शकतो.

दुसरे कारण असे की, एका संकेतस्थळाने नाकारलेला पासवर्ड दुसऱ्या संकेतस्थळावर चालू असू शकतो. बहुतेक सदस्य आपला नेहमीचा पासवर्ड प्रथम देऊन पाहतात. तो नाकारणाऱ्या संकेतस्थळाने त्याची नोंद कोठे ठेवली, तर त्या सदस्याच्या ईमेल खात्याची किल्लीच तेथे पडून राहिली असे होऊ शकते.

## नियमांचे स्वरूप

जुन्या पद्धतीचे नियम पासवर्डाच्या घडणीविषयी असतात : किमान आठ वर्ण, इंग्रजीतील एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक विशेष चिन्ह. हे नियम तपासण्यास सोपे असल्याने अद्याप अनेक ठिकाणी दिसतात. मात्र त्यांच्यामुळे माणसे ठरावीक साचाच वापरू लागतात. मोठे अक्षर आरंभी, अंक शेवटी आणि चिन्ह म्हणून बहुधा `@` येते. हा साचा पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमनाही ठाऊक असतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (एनआयएसटी) २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत घडणीचे असे नियम लादू नयेत अशी शिफारस केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत तर ते लादण्यास मनाईच आहे. या आवृत्तीनुसार केवळ पासवर्डावर खाते उघडत असेल तर त्याची लांबी किमान १५ वर्ण असावी; सोबत दुसरा पुरावा घेतला जात असेल तर ८ वर्ण चालू शकतात. सर्रास वापरले जाणारे, पूर्वी उघड झालेले व सहज अपेक्षित असे पासवर्ड एका त्याज्य यादीशी ताडून नाकारावेत आणि नाकारण्याचे कारण सदस्याला सांगावे, असेही त्यात बंधन आहे. कारण सांगणे अशा रीतीने आवश्यक ठरल्याने ते कोणत्या शब्दांत सांगावे हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

## एक उदाहरण

अहिल्यानगर येथील एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांसाठी संकेतस्थळ आहे आणि एका सभासदाने `Nagar@414001` हा पासवर्ड सुचवला आहे, असे समजू. `414001` हा अहिल्यानगर शहराचा पिन कोड आहे, तर ‘नगर’ हे शहराचे बोलीतील नाव आहे.

घडणीचे जुने नियम लावले तर हा पासवर्ड निर्दोष ठरतो. त्याची लांबी १२ आहे. त्यात `N` हे मोठे अक्षर, चार लहान अक्षरे, सहा अंक आणि एक चिन्ह आहे. पाचही अटी पूर्ण होतात. तरीही नगरमधील माणसाचा पासवर्ड ओळखू पाहणारा कोणीही गावाचे नाव आणि पिन कोड यांची जोडी अगदी आरंभीच करून पाहील. वाहन नोंदणीचा `MH16` हा क्रमांक किंवा `0241` हा दूरध्वनी संकेतांक जोडून केलेल्या पासवर्डांचीही हीच गत आहे.

नव्या पद्धतीने तपासताना तीन प्रश्न विचारले जातात. पासवर्ड पुरेसा लांब आहे काय? तो जसाच्या तसा त्याज्य यादीत आहे काय? स्थानिक परिचयाचे शब्द वगळल्यावर त्यात पुरेसे काही उरते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, कारण १२ वर्ण १५ पेक्षा कमी आहेत. दुसऱ्याचे उत्तर यादीवर अवलंबून आहे. या उदाहरणापुरते तो यादीत नाही असे धरू. तिसऱ्या प्रश्नासाठी `nagar` आणि `414001` वगळले असता केवळ `@` हे एकच चिन्ह उरते. म्हणजे या पासवर्डाने तीनपैकी दोन नियम मोडले आहेत.

तिसरा नियम एनआयएसटीच्या मार्गदर्शिकेत या स्वरूपात नाही. तेथे संपूर्ण पासवर्डच यादीशी ताडावा, त्यातील सुटे शब्द ताडू नयेत असे म्हटले आहे. परिचयाचा शब्द दिसताच पासवर्ड नाकारला तर ‘नगर’ हा शब्द असलेले लांब आणि चांगले वाक्यही नाकारले जाईल, ही त्यातली अडचण आहे. वर दिलेला ‘काय उरते’ हा नियम ही अडचण टाळतो. उदाहरणार्थ `nagar te shirdi pavsat cycle` या २८ वर्णांच्या वाक्यातून `nagar` आणि `shirdi` ही दोन्ही नावे वगळली तरी १७ वर्ण उरतात. म्हणून ते या नियमाला उतरते. (अर्थात उदाहरण म्हणून छापले गेलेले कोणतेही वाक्य प्रत्यक्ष वापरासाठी निरुपयोगी होते.)

## तपासणीची रचना

पायथन भाषेत ही तपासणी पुढीलप्रमाणे लिहिता येते :

```python
import unicodedata

def tapasa(prastavit, parichit, tyajya):
    s = unicodedata.normalize("NFC", prastavit)
    lahan = s.casefold()
    urlele = lahan
    for shabda in parichit:
        urlele = urlele.replace(shabda, "")

    modlele = []
    if len(s) < 15:
        modlele.append("LAMBI")
    if lahan in tyajya:
        modlele.append("SARRAS")
    if urlele != lahan and len(urlele) < 8:
        modlele.append("PARICHIT")
    return modlele
```

येथे `prastavit` हा सुचवलेला पासवर्ड, `parichit` ही स्थानिक शब्दांची यादी आणि `tyajya` हा त्याज्य पासवर्डांचा संच आहे. दोन्ही यादींतील शब्द आधीच लहान अक्षरांत केलेले असावे लागतात. `parichit` यादीत लांब शब्द आधी ठेवावेत. `nagar` आधी वगळला तर `ahilyanagar` मधील `ahilya` शिल्लक राहतो आणि उरलेली लांबी फसवी निघते. जिल्ह्याचे व शहराचे नाव २०२४ मध्ये बदलले असल्याने यादीत `ahmednagar` आणि `ahilyanagar` ही दोन्ही नावे, तसेच त्यांची देवनागरी रूपे असणे आवश्यक आहे. जुन्या सभासदांच्या बोटांत जुनेच नाव असते.

शेवटच्या अटीतील `urlele != lahan` हा भाग अहवाल खरा राहावा यासाठी आहे. तो नसेल तर `abc` या पासवर्डाला लांबीच्या दोषाबरोबर परिचित शब्दाचाही दोष लागेल, वास्तविक त्यात असा शब्दच नाही. सदस्य मग नसलेली चूक शोधत बसतो.

या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिला दोष सापडताच तपासणी थांबत नाही. सर्व दोष एकत्र गोळा होतात. एकेक दोष क्रमाने सांगितला तर सदस्याला पासवर्ड पुन:पुन्हा पाठवावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो जुन्यातच किरकोळ फेरफार करतो. दुसरे असे की, हे फलन केवळ नियमांची सांकेतिक नावे परत देते. `Nagar@414001` साठी मिळणारे उत्तर `["LAMBI", "PARICHIT"]` एवढेच असते. पासवर्ड फलनात येतो, पण बाहेर पडणाऱ्या उत्तरात त्याचा अंशही नसतो. पुढे संदेश तयार करणाऱ्या भागाकडे फक्त ही नावे जातात. त्या भागाला पासवर्ड मिळतच नाही, त्यामुळे चुकूनही तो छापता येत नाही.

## अहवालाची भाषा

सांकेतिक नावावरून सदस्याला दिसणारे वाक्य आधीच लिहून ठेवलेले असते :

```text
LAMBI    : पासवर्ड किमान १५ वर्णांचा असावा.
SARRAS   : हा पासवर्ड फार प्रचलित आहे. दुसरा निवडावा.
PARICHIT : गावाचे नाव, पिन कोड, वाहन क्रमांक यांसारखे
           शब्द वगळून किमान ८ वर्ण असावेत.
```

ही वाक्ये नियमाचे वर्णन करतात, पासवर्डाचे नाही. ती कोणत्याही सदस्यासाठी सारखीच असतात. अहवाल सुरक्षित आहे की नाही हे ओळखण्याची हीच कसोटी होय : तेच नियम मोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या पासवर्डांसाठी अहवाल अक्षरश: एकच असला पाहिजे.

या कसोटीला न उतरणारे संदेश वरवर निरुपद्रवी दिसतात. ‘पासवर्डात `nagar` हा शब्द आहे’ या संदेशात पूर्ण पासवर्ड नाही, पण त्याचे पाच वर्ण आहेत. ‘सातव्या वर्णापासून पिन कोड सुरू होतो’ या वाक्यात एकही वर्ण नसूनही पासवर्डाचा निम्मा भाग उघड होतो. ‘आपला पासवर्ड १२ वर्णांचा आहे, आणखी ३ हवेत’ हा संदेश टंकणाऱ्याला उपयोगी वाटतो, परंतु तो लॉगमध्ये गेला तर पासवर्डाची नेमकी लांबी तेथे नोंदली जाते. असा मोजणारा आकडा दाखवायचाच असेल तर तो ब्राउझरमध्येच, टंकतानाच दाखवावा आणि सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तरात ठेवू नये.

जॅंगो या पायथन आधारित वेब-चौकटीतील तपासणी या तत्त्वाला धरून आहे. ती सर्व दोष एकत्र करून देते. पासवर्ड सदस्यनामाशी फार जुळतो असे आढळल्यास संदेशात ‘सदस्यनाम’ या रकान्याचा उल्लेख येतो. त्या रकान्यातील प्रत्यक्ष नाव किंवा जुळलेला भाग येत नाही.

पासवर्डाच्या रकान्यातील डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून आपणच टंकलेले पाहणे ही वेगळी बाब आहे. तेथे मजकूर सदस्याच्या यंत्राबाहेर जात नाही. ही सोय असावी अशीच मार्गदर्शिकांची शिफारस आहे.

## नकळत होणारा पुनरुच्चार

संदेश काळजीपूर्वक लिहिले तरी पासवर्ड इतर वाटांनी बाहेर पडू शकतो. अर्ज नाकारल्यावर भरलेली माहिती पुन्हा दाखवण्याची सोय अनेक संकेतस्थळांत असते. तिच्यात पासवर्डाचा रकाना वगळला नाही तर पासवर्ड पानाच्या मजकुरात परत येतो. पडद्यावर ठिपके दिसत असले तरी पानाच्या मूळ संहितेत तो स्पष्ट अक्षरांत असतो. अर्ज पत्त्याच्या ओळीतून पाठवला जात असेल तर सर्व्हरच्या भेटींच्या लॉगमध्ये पासवर्ड आपोआप लिहिला जातो.

सर्वांत फसवी वाट तयार साधनांची आहे. माहितीची वैधता तपासणारी काही साधने चुकीचे कारण सांगताना चुकलेली माहितीही सोबत देतात. उदाहरणार्थ, `pydantic` या पायथन साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीतील त्रुटी-संदेशात `input_value` या नावाने मूळ मजकूर जोडलेला असतो. वय किंवा दिनांक तपासताना हे उपयुक्त आहे. पासवर्ड तपासताना मात्र विकासकाने एकही चुकीची ओळ न लिहिता पासवर्ड लॉगमध्ये पोहोचतो. म्हणून अशा साधनात पासवर्डासाठी `SecretStr` हा झाकलेला प्रकार वापरतात आणि सबलतेचे नियम वर दाखवल्याप्रमाणे स्वतंत्र फलनात ठेवतात.

लॉगमधील अशा नोंदीचे सुपरिचित उदाहरण ट्विटरचे आहे. ३ मे २०१८ रोजी या कंपनीने जाहीर केले की, पासवर्डाचे हॅशमध्ये रूपांतर पूर्ण होण्याआधीच तो एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. साठवणुकीची पद्धत योग्य होती. दोष त्याआधीच्या एका पायरीत होता. सुमारे ३३ कोटी सदस्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला.

भारतात या दोषाला आणखी एक बाजू आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे लॉगमध्ये चुकून गेलेला पासवर्ड लगोलग पुसला जाईल अशी आशा धरता येत नाही. तो किमान सहा महिने राहतो आणि सुरक्षित प्रतींमध्ये त्याहूनही अधिक काळ राहू शकतो.

## देवनागरी पासवर्ड

मराठीत टंकलेल्या पासवर्डाला घडणीचे जुने नियम लावता येत नाहीत. देवनागरीत मोठी व लहान अशी अक्षरे नसल्याने ‘एक मोठे अक्षर हवे’ ही अट कोणताही शुद्ध मराठी पासवर्ड पुरी करू शकत नाही. त्या उलट ‘इंग्रजी अक्षर अथवा अंक नसलेले ते विशेष चिन्ह’ अशी व्याख्या केली असेल तर प्रत्येक काना-मात्रा चिन्ह ठरते. दोन्ही प्रकारांत अहवाल सदस्याची दिशाभूल करतो.

लांबी मोजतानाही फरक पडतो. ‘अहिल्यानगर’ या शब्दात वाचकाला सहा अक्षरे दिसतात : अ, हि, ल्या, न, ग, र. युनिकोडमध्ये वेलांटी, हलन्त आणि काना स्वतंत्र मोजले जात असल्याने त्याच शब्दाचे दहा कोड पॉइंट होतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना तीस बाइट लागतात. एनआयएसटीच्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक कोड पॉइंट एक वर्ण धरला जातो. पायथनचे `len` हेच मोजते. बाइटांची संख्या मात्र दुसरीकडे आड येते. बीक्रिप्ट ही प्रचलित हॅश पद्धत पहिल्या ७२ बाइटांपलीकडचा मजकूर विचारात घेत नाही. देवनागरीत ही मर्यादा २४ कोड पॉइंटांतच संपते, म्हणून तेथे वेगळी पद्धत किंवा आधी लांबी ठरावीक करणारी पायरी लागते.

मराठीतील ‘ऱ’ हा वर्ण दोन प्रकारे साठवला जातो : एकच कोड पॉइंट म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन मिळून. वरील संहितेतील `NFC` हे प्रमाणीकरण दोन्हींना एकरूप करते. परंतु ‘दऱ्या’सारख्या शब्दातील ‘ऱ्य’ काही कळफलक ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून घडवतात. ते रूप प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, तरी पासवर्ड जुळत नाही. असा पासवर्ड एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर नाकारला जातो, तेव्हा कारण बहुधा हेच असते.

## पडताळणी

अहवालातून पासवर्ड गळत नाही याची खात्री खुणेच्या पासवर्डाने करतात. जो अन्यत्र कोठेही आढळणार नाही असा शब्द, उदाहरणार्थ `khun7391xq`, चाचणीच्या प्रणालीत सुचवावा. त्याची लांबी १० असल्याने तो नाकारला जातो. मग मिळालेले पान, सर्व लॉग, त्रुटी-सूचना आणि त्यांचे ईमेल यांत हा शब्द शोधावा :

```text
grep -r "khun7391xq" logs/
```

एकही ओळ सापडली तर ती कोणत्या फायलीतील आहे यावरून गळतीची वाट कळते. खुणेचा शब्द केवळ इंग्रजी अक्षरे व अंक यांचा असावा. `Nagar@414001` हा पासवर्ड लॉगमध्ये `Nagar%40414001` असा उमटू शकतो, आणि ‘अ’ हे अक्षर `\u0905` किंवा `%E0%A4%85` या रूपात असू शकते. मूळ शब्द शोधणाऱ्याला ही रूपे दिसत नाहीत आणि लॉग स्वच्छ असल्याचा भास होतो. देवनागरी पासवर्डांसाठी या दोन्ही रूपांचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.

## मर्यादा

सबलता तपासणी केवळ ज्ञात साचे ओळखते. सभासदाच्या नातवाचे नाव आणि जन्मवर्ष मिळून झालेला पासवर्ड पुरेसा लांब असेल तर वरील तिन्ही नियमांना उतरतो, कारण ते नाव प्रणालीला ठाऊक नसते. दोष-अहवालही पूर्णपणे मौन नसतो. अमुक सदस्याचा पासवर्ड लांबीसाठी नाकारला गेला, ही नोंद एका सदस्याच्या नावापुढे साठवली तर तीही काही सांगून जाते. म्हणून कोणता नियम किती वेळा मोडला जातो याची गणना एकत्रित ठेवतात, सदस्यवार ठेवत नाहीत.